कॅलेंडर भिजलं

"आई, फोटोत आजीच्या घराचं दार अख्खं पाण्यात दिसतंय. मग तिने फोनवर फक्त कॅलेंडर भिजलं असं का सांगितलं? मराठी लोक खरं का सांगत नाहीत?"

प्रिय सोनू,

तुझ्या प्रश्नातले शेवटचे वाक्य मला लागले. म्हणून तोंडी उत्तर देण्याऐवजी लिहीत आहे. वाचून झाल्यावर तुझे मत बदलले पाहिजे, असा माझा आग्रह नाही.

ऑगस्ट 2019 मधला तो फोन मी लेस्टरच्या स्वयंपाकघरात उभी राहून घेतला होता आणि तू माझ्या शेजारी होतीस. पाणी उतरल्यावर आजी चिखलीच्या घरात पहिल्यांदा गेली होती. "किती नुकसान झालं?" असे मी विचारले. ती म्हणाली, "कॅलेंडरबी भिजलं बघ." आणि लगेच, "तू जेवलीस का?" तू जे सांगतेस त्यात एक अक्षर गळले आहे. आजी 'कॅलेंडर' म्हणाली नव्हती, 'कॅलेंडरबी' म्हणाली होती. आपल्याकडे 'बी' म्हणजे 'सुद्धा'. कॅलेंडरसुद्धा भिजले, याचा अर्थ त्याच्या खाली जे जे होते ते आधीच गेले होते.

ते कॅलेंडर कुठे असते ते मला पाठ आहे. मधल्या खोलीच्या भिंतीवर आबांनी ठोकलेला खिळा त्यांच्या डोक्याच्या उंचीवर होता, म्हणून कॅलेंडरची खालची कड माझ्या खांद्याला लागायची. त्या कडेच्या खाली धान्याची पोती, गाद्या, शिवणयंत्र, फ्रिज, गॅसची शेगडी आणि माझ्या लग्नातल्या साड्यांची ट्रंक होती. भिंती मातीच्या होत्या आणि मातीची भिंत अनेक दिवस पाण्यात राहिली की पाणी उतरताना खचते. फोन ठेवेपर्यंत मला पाण्याची उंची कळली होती, काय काय गेले ते कळले होते आणि मागची भिंत उरली नसणार हेही कळले होते. त्या कॅलेंडरच्या चौकोनांत आजी रोज डेअरीला घातलेल्या दुधाचे आकडे लिहायची. ते आकडेही गेले होते. तिने पाणी किती फूट होते ते सांगितले असते, तर मला एवढे दिसले नसते.

चिखली प्रयागावर आहे. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांचे पाणी एकत्र येऊन पंचगंगा होते ती आपल्या गावाजवळच. त्यामुळे पावसाळ्यात गावात पाण्याबद्दल थोडक्यातच बोलतात. "राधानगरीचे दरवाजे उघडले," असे कुणी ओसरीवरून सांगून गेला की बायका शब्दही न बोलता धान्य माळ्यावर चढवू लागतात. शिवाजी पुलापाशी पाणी ठरावीक उंचीला टेकले की कोल्हापुरात "मच्छिंद्री झाली" म्हणतात. आंबेवाडी-चिखलीच्या माणसाने हे दोन शब्द ऐकले की तो जनावरे घेऊन उंचावरच्या सोनतळीच्या वाटेला लागतो. राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा पातळी आणि 43 फुटांना धोका पातळी धरतात, आणि 2019 साली पाणी 55 फुटांच्या वर गेले. एवढ्या पाण्याला मोठा शब्द शोधायला गेले, तर तो सापडत नाही.

पण ही रीत मी शिकले ती त्याच्या तीस वर्षे आधी, 1989 च्या पुरात. मी तेव्हा आठ वर्षांची होते. आमच्या गोठ्यात तीन म्हशी होत्या. दर दहा दिवसांनी डेअरीतून दुधाचे बिल यायचे, आणि घरातला तेल, साखर, वह्या, औषध असा सगळा खर्च त्या बिलावर चालायचा. पाणी रात्री गोठ्यात शिरले. आम्हा मुलांना आजी उंचावरच्या शाळेत घेऊन गेली आणि आबा मागे राहिले. पहाटे ते आले तेव्हा कमरेपर्यंत चिखलाने माखलेले होते आणि त्यांच्या हातात तीन दावी होती. बांधलेले जनावर खुंट्यालाच बुडून मरते आणि सोडलेले निदान पोहू शकते, म्हणून पुरात दावी सोडतात, हे मला नंतर समजले. त्या वेळी मला फक्त ओल्या दाव्यांच्या गाठी दिसत होत्या. त्या सोडलेल्या नव्हत्या. विळ्याने कापलेल्या होत्या. गाठ सोडायलाही वेळ मिळाला नव्हता.

शाळेच्या वऱ्हांड्यात कुणीतरी तीन दगडांची चूल मांडली होती. आजीने आबांकडे पाहिले. आबा दावी खाली ठेवत म्हणाले, "आता कोरा चहा प्यायची सवय करा."

कुणी रडले नाही. आजीने पातेल्यात पाणी ओतले. थोरल्या काकांनी आबांच्या खांद्यावर कोरडे पोते टाकले. मी मात्र मोठ्याने विचारले, "म्हशी कुठायत?" आणि आत्याने माझे तोंड हाताने दाबले. तिचा राग मला कित्येक वर्षे समजला नव्हता. आबांनी सगळे सांगून टाकले होते; मी ते त्यांना पुन्हा, मोठ्या शब्दांत सांगायला लावत होते.

ते वाक्य मी आयुष्यभर उलटसुलट करून पाहिले आहे. म्हशी, मरण, पूर, पैसा यांपैकी एकही शब्द त्यात नाही. चहाला दूध नसेल एवढेच त्यात आहे, आणि ते अगदी खरे आहे. पण दूध नसेल म्हणजे धार नाही, धार नाही म्हणजे म्हशी नाहीत, म्हशी नाहीत म्हणजे दहा दिवसांचे बिल नाही, आणि बिल नाही म्हणजे पुढचे वर्ष कसे जायचे याचे उत्तर नाही. आबांनी या साखळीची शेवटची, सगळ्यांत हलकी कडी हातात दिली आणि बाकीची साखळी ऐकणाऱ्याने ओढून घेतली. 'सवय करा' या दोन शब्दांत हेही होते की दूध एक-दोन दिवसांत परत येणार नाही. साखर संपली असे ते म्हणाले असते, तर त्यातून काहीच निघाले नसते, कारण साखर पुराशिवायही संपते.

म्हणून आजीचे असे काही बोलणे कानावर आले की मी स्वतःला एकच प्रश्न विचारते: हे एकटे घडू शकते का? कॅलेंडर एकटे भिजत नाही. दुसरी खूण म्हणजे विषय बदलणे. मोठ्या प्रश्नाला लहान उत्तर आले आणि मागोमाग "जेवलीस का?" आले, तर उत्तर देऊन झालेले असते आणि माणसाला त्याच्यापुढे बोलवत नसते.

ते असे का बोलतात, याचे मला पटलेले कारण धीटपणाचे नाही. पुरात एकट्याचे घर जात नाही. त्या पहाटे शाळेच्या वऱ्हांड्यात प्रत्येकाचे काही ना काही गेले होते, आणि शेजारणीने आदल्या दिवशी शिवलेली गोधडीसुद्धा वाहून गेली असताना आपल्या तीन म्हशींचा आकांत करणे आबांना शोभले नसते. "आपलं एकट्याचं का गेलंय?" हे वाक्य मी घरात इतक्यांदा ऐकले आहे की ते कोण म्हणायचे ते आता आठवतही नाही.

हे सगळे लिहिताना मी आजीची बाजू घेते आहे, हे मला दिसते. पण तुझी बाजू पूर्ण चुकीची आहे असे मला म्हणवत नाही.

तू आबांना पाहिले नाहीस. ते गेले त्या दिवशी सकाळी त्यांनी मामाला सांगितले, "आजची धार तू काढ." आबांनी ताप असतानाही धार कधी दुसऱ्याला काढू दिली नव्हती. मामा अठरा वर्षांचा होता. त्याला आनंद झाला, आपल्यावर विश्वास टाकला असे वाटले. त्याने धार काढली, दूध डेअरीला घालून आला, आणि परत आला तेव्हा आबा गोठ्याच्या उंबऱ्याला टेकून बसले होते. छातीत सकाळपासून दुखत असणार. दवाखाना सायकलवर वीस मिनिटांवर होता. ते वाक्य अक्काने ऐकले असते, तर तिने गाडी बोलावली असती, असे ती अजून म्हणते, आणि मामा ते ऐकून अजून उठून बाहेर जातो. अशा बोलण्याचा अर्थ लागायला ऐकणाऱ्याकडेही बोलणाऱ्याइतकीच वर्षे लागतात. दुखणे सांगताना त्याचा काही उपयोग नाही. तिथे कुठे दुखते आणि कधीपासून, हेच सांगावे लागते.

पुरानंतर पंचनाम्याला आलेल्या माणसालाही आजी "जरा पाणी आल्तं, होतं तेवढं गेलं," एवढेच म्हणाली. त्याने ते तसेच लिहून घेतले असते. मामीने मध्ये पडून एकेक वस्तू मोजून सांगितली. मामी नसती तर काय झाले असते, हा विचार मला आजीच्या बाजूने बोलताना अडवतो.

आणखी एक गोष्ट आहे, आणि इथे मी तुझ्या बाजूची आहे. 2019 साली बोट येईपर्यंत आजी दोन रात्री शेजाऱ्यांच्या स्लॅबवर पावसात बसून होती. हे तिने मला कधीच सांगितले नाही, कोऱ्या चहासारख्या एखाद्या वाक्यातूनही नाही. मला ते वर्षभराने मामीकडून कळले. कॅलेंडरचे वाक्य मला घराच्या आत घेऊन गेले, पण या गप्प राहण्याने मला बाहेर ठेवले. याला तू लपवणे म्हणालीस तर मी वाद घालणार नाही. मी तिच्यावर त्याबद्दल रागावलेही होते. ती म्हणाली, "तू तिकडनं काय केली असतीस?" त्याचे उत्तर माझ्याकडे नव्हते आणि आजही नाही.

तू तिच्यासारखे बोलावेस असे मी म्हणत नाही. तुला काही झाले तर तू मला सरळ, सगळे, मोठ्या शब्दांत सांग. मला ते हवे आहे. फक्त रविवारी ती फोनवर काही बारीकसे सांगेल तेव्हा घाईने पुढे जाऊ नकोस, तिला थोडे आणखी विचार. मागच्या आठवड्यात मीही विचारले होते. मामाने पाठवलेल्या फोटोत नव्या भिंतीवरचे कॅलेंडर दाराच्या चौकटीच्याही वर टांगलेले दिसले, आणि दुधाचे आकडे लिहायला तिला आता स्टुलावर चढावे लागते. एवढ्या वर का लावले, असे मी म्हटले.

"तिथं जरा वारं लागतं," आजी म्हणाली. "सोनू जेवली का?"

तुझी,
आई