पगार नेमका किती तासांचा?

"महिना पगार ५२,०००. ऑफर लेटरमध्ये आठवड्याचे ४० तास, पाच दिवस. दोन वर्षं झाली, आठवड्याला ५० तास भरतात, जादा वेळेचं काहीच मिळत नाही. मी एचआरला मेल टाकला की या हिशेबाने मला तासाला २४० च पडतात. उत्तर आलं, 'पगारात सगळं धरलेलं आहे.' माझे नेमके किती बुडाले, आणि ते मागता येतील का? लेटरचं पहिलं पान जोडलंय, दुसरं सापडत नाही."

हा मेल पाठवायच्या आधी विचारलं असतंत तर बरं झालं असतं. गणित तुमचं चुकलेलं नाही. ५२,००० गुणिले १२, भागिले ५२, म्हणजे आठवड्याचे १२,०००. त्याला ५० ने भागलं की २४० येतात. पण ५० ने भागून तुम्ही स्वतःच्या हाताने लिहून दिलंत की हा पगार ५० तासांचा आहे. कंपनीचं म्हणणंही तेच आहे. लेटरमध्ये ४० तास लिहिले असतील, तर भागायचं ४० ने, आणि दर येतो ३००. जादा तासांची किंमत या दराने मोजायची.

भाजक कोणता घ्यायचा, यावर अख्खं प्रकरण उभं असतं. माझ्याकडे येणाऱ्या दर दुसऱ्या माणसाने महिना चार आठवड्यांचा धरलेला असतो. तसं केलं तर तुमचा दर ३२५ दिसतो, आणि समोरचा वकील पहिल्याच पानावर तो खोडतो. महिन्यात सरासरी ४.३३ आठवडे असतात, म्हणून बाराने गुणून बावन्नने भागायचं. अमेरिकेच्या ओव्हरटाइमच्या नियमांत मासिक पगारासाठी हीच रीत लिहिलेली आहे. दुसऱ्या टोकाला, कंपनीचा पगार विभाग ३० दिवस गुणिले ८ असे २४० तास धरतो आणि दर २१७ वर आणतो. यात सुट्टीचे दिवसही कामाचे म्हणून मोजले जातात. आणि २६ चा भाजक सगळ्यांनी ऐकलेला असतो, भारतात ग्रॅच्युइटीच्या हिशेबात तोच चालतो. तो सहा दिवसांच्या आठवड्याचा आहे: ५२ गुणिले ६, भागिले १२, बरोबर २६. तुमचा आठवडा पाच दिवसांचा, म्हणजे महिन्याचे दिवस २१.६७ आणि तास १७३.३३. कुणी २६ पुढे केला, तर ते तुमचा सहावा दिवस फुकटात मागतायत हे ओळखा.

आता ते हरवलेलं दुसरं पान. तुमचा सगळा दावा त्या पानावर अडलेला आहे. त्यावर बहुधा दोनपैकी एक वाक्य असेल. पहिलं, "कामाच्या गरजेनुसार जादा वेळ थांबावे लागेल." दुसरं, "जादा वेळेचा मोबदला मासिक पगारात समाविष्ट आहे." ही दोन्ही वाक्यं वाचताना सारखी वाटतात, पण पहिल्यात फक्त थांबायचं बंधन आहे, फुकट थांबायचं नाही. तिथे ३०० चा दर टिकतो. दुसऱ्यात पगार सगळ्या तासांवर पसरतो आणि दर तुम्ही लिहिलात तसा २४० होतो, वर आणखी तास भरले तर आणखी खाली जातो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४२ साली मिसेल खटल्यात हेच गणित मांडलं: ठरीव पगार आणि कमीजास्त तास असतील, तर दर प्रत्यक्ष भरलेल्या तासांवर निघतो.

फरक किती पडतो ते बघा. बऱ्याच कायद्यांत आठवड्याची मर्यादा ४८ तासांची असते आणि त्यापुढच्या वेळेला वाढीव दर. १९१९ च्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या पहिल्या कराराने तो किमान सव्वापट ठरवला. कित्येक ठिकाणी तो दीडपट किंवा दुप्पट आहे. मी सव्वापटच धरतो. वाक्य पहिलं असेल, तर ४० ते ४८ मधले आठ तास साध्या दराने २,४०० आणि वरचे दोन तास सव्वापटीने ७५०. आठवड्याचे ३,१५०. वाक्य दुसरं असेल आणि कायदा तुम्हाला लागू असेल, तर साधा दर आधीच मिळाला असं म्हणतील, आणि उरेल फक्त दोन तासांवरचा पाव हिस्सा: १२०. आठवडा तोच, तास तेवढेच, माणूसही तोच.

कायदा लागू आहे की नाही, हे मी आत्ता ठामपणे सांगणार नाही. ते तुमच्या कामाच्या स्वरूपावर जातं. देखरेखीची आणि व्यवस्थापनाची पदं बऱ्याचदा बाहेर ठेवलेली असतात, आणि पदाच्या नावापेक्षा रोजचं काम पाहिलं जातं. पगारातले कोणते भत्ते हिशेबात धरायचे, तेही जागोजागी बदलतं. मात्र हातात पडणारी रक्कम घेऊ नका, कपातीआधीची घ्या.

आणि ते ५० तास जेवणाची सुट्टी धरून की वगळून? माझ्या एका पक्षकार बाईंनी आठवड्याला दहा तास जादा असं लिहून आणलं होतं. कार्ड पंचिंगच्या नोंदी काढल्या, तर आत आल्यापासून बाहेर पडेपर्यंतचा सगळा वेळ त्यांनी धरला होता. रोजची अर्ध्या तासाची सुट्टी वजा केल्यावर दहाचे साडेसात उरले. ते साडेसात खरे होते, पण दहा लिहिल्यामुळे त्यांच्या प्रत्येक आकड्यावर संशय घेतला गेला. तुम्ही नऊला येऊन सातला निघत असाल आणि मध्ये तासभर सुट्टी असेल, तर तुमचे ४५ च भरतात, आणि ४८ ची मर्यादा ओलांडलीच जात नाही.

दोन वर्षं गप्प बसलात, त्याचा हिशेब वेगळा. प्रत्येक महिन्याच्या पगाराचा दावा स्वतंत्र असतो आणि त्याची मुदत त्या पगाराच्या तारखेपासून धावते. ती कुठे काही महिन्यांची असते, कुठे दोन-तीन वर्षांची. एचआरशी मेलामेली चालू आहे म्हणून ती सहसा थांबत नाही. आज सगळ्यात जुना महिना गळायच्या बेतात असेल, पुढच्या पगाराला त्याच्या नंतरचा. तारखा पडत राहतील, त्याला मी काही करू शकत नाही. पण दावा दाखल असेल तर गळती तरी थांबते. त्यामुळे उत्तराची वाट बघत बसू नका.

आजच एचआरला दोन ओळी लिहा: "माझ्या आधीच्या मेलमधील २४० हा आकडा प्रत्यक्ष भरलेल्या तासांवर काढला होता; ठरलेल्या ४० तासांप्रमाणे दर ३०० होतो. जादा वेळेचा मोबदला पगारात धरला आहे, हे मला मान्य नाही." त्याखाली सही केलेल्या ऑफर लेटरची पूर्ण प्रत आणि दोन वर्षांच्या हजेरीच्या नोंदी मागा. जुना मेल याने पुसला जाणार नाही, पण तुमची कबुली म्हणून तो एकटा उभा राहणार नाही. पगाराच्या स्लिपा घरी आणून ठेवा, कंपनीच्या लॅपटॉपवर ठेवू नका. दुसरं पान हातात आलं की पहिल्यांदा मला पाठवा. तोवर रकमेचा आकडा कुठेही लिहून देऊ नका.