वेबिनारला न आलेल्यांसाठी पोस्ट लिहिताना

अरे तुझा ड्राफ्ट वाचला, मेहनत दिसते, पण तू वेबिनार ज्या क्रमाने झाला त्याच क्रमाने लिहिलंयस, आधी स्पीकरची ओळख मग अजेंडा, आणि जो माणूस आलाच नव्हता त्याला आधी हे हवं असतं की आता माझ्या कामात काय बदलायचं.

बॅकअपचंच बघ. तू लिहिलंस "बॅकअपचं महत्त्व सांगितलं", यातून कुणाला काहीच कळत नाही. त्याऐवजी असं लिही: "डेटाच्या 3 कॉपी, 2 वेगळ्या प्रकारच्या स्टोरेजवर, त्यातली 1 ऑफिसबाहेर. आपल्या दोन्ही कॉपी एकाच सर्व्हरवर आहेत, म्हणजे तो गेला की दोन्ही गेल्या." पहिलं वाक्य स्पीकरचं, दुसरं तुझं, तर तिथे "हे माझं निरीक्षण" असं स्पष्ट टाक, नाहीतर लोक तेही स्पीकरच्याच नावावर खपवतात (हे फार वेळा होतं).

असे तीनच मुद्दे घे, प्रत्येकापुढे रेकॉर्डिंगमधलं मिनिट दे, तासभराचं रेकॉर्डिंग पूर्ण कोणी बघत नाही. आणि आजच टाक, उद्यापर्यंत नोट्समधले अर्धवट शब्द तुलाच कळणार नाहीत.