खडू ढकलला की कापड गोळा होतं

"आमची मुलगी सहा वर्षांची, यंदा पहिलीत गेली. डाव्या हाताने लिहिते. मनगट वाकडं करते, अक्षरं फासली जातात, पेन्सिलचं टोक सारखं मोडतं. डावखुऱ्यांची पेन्सिल, वही, शार्पनर वेगळं मिळतं म्हणे. नेमकं काय काय घ्यावं?"

जूनमध्ये शाळा उघडल्या की जळगावच्या माझ्या खोलीत हे बोलणं सुरू होतं आणि पोळ्यापर्यंत चालतं. प्रत्येक वेळी समोरच्याच्या हातात एक पिशवी असते. त्यातल्याच एका पिशवीची ही गोष्ट. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत. मुलीला स्वरा म्हणू.

पाचोऱ्याकडचं कुटुंब. वडील शिंपी, आई त्यांच्याच दुकानात काजं-बटणं करणारी, सोबत आजी. आजीची काळजी वेगळीच होती. बसल्या बसल्या तिने विचारलं, "बाई, मनी नात उलटी नही शे ना?" तिला एवढंच सांगितलं, की सहाव्या वर्षापर्यंत बहुतेक मुलांचा हात ठरलेला असतो आणि तो बदलायला जाऊ नये. आजीने मान हलवली आणि पिशवी माझ्यापुढे सरकवली.

पिशवीत एक्स्ट्रा डार्क पेन्सिलींचा डबा, बोटांसाठी खळगे असलेली रबरी ग्रिप, डावखुऱ्यांचा म्हणून मागवलेला शार्पनर, स्प्रिंगची जाड वही आणि ठिपक्यांवरून गिरवायची दोन पुस्तकं होती. "एवढं आणलं," वडील म्हणाले, "तरी हात वाकडाच."

अशा वेळी मी वस्तूंकडे नंतर बघते, आधी मुलाकडे. बालशिक्षणात ताराबाई मोडकांच्या वाटेने शिकलेल्या माणसाला ही सवयच लागते. मूल जे करतं त्याला कारण असतं, आणि आपण ते शोधायच्या आत दुरुस्तीला लागतो. स्वराला मी तिचं नाव लिहायला सांगितलं. वही पोटासमोर सरळ होती. तिने मनगट ओळीच्या वर नेलं, आकड्यासारखं वाकवलं आणि वरून खाली बघत लिहू लागली. कागद करकरत होता. नाव पूर्ण झालं आणि शिरोरेषा मात्र तिने उजवीकडून डावीकडे अशी सर्रकन ओढली, की मी बघतच राहिले. सगळ्या नावात तेवढी एकच रेघ सुरेख होती.

"बघा, तेही उलटंच," आई म्हणाली. "बाई रोज ओरडतात."

मी वडिलांकडे वळले. "भाऊ, कापडावर खडूने खूण करताना खडू कुठे नेता?"

"माझ्याकडे ओढतो."

"ढकलला तर?"

"ढकलला तर कापड गोळा होतं, खडूही तुटतो." एवढं बोलून ते थांबले. मग स्वराच्या पेन्सिलीकडे बघत हळूच म्हणाले, "ही ढकलते होय?"

इतक्या वर्षांत मी ही गोष्ट अनेक प्रकारे समजावली आहे, पण त्या शिंप्याला ती जितकी चटकन कळली तितकी कुणाला कळलेली आठवत नाही. आपली लिपी डावीकडून उजवीकडे जाते. उजव्या हाताचं मूल पेन्सिल ओढत नेतं, टोक मागून येतं. डाव्या हाताच्या मुलाला तीच आडवी रेघ ढकलावी लागते. टोक कागदात रुततं, मूल जोर लावतं, टोक मोडतं. वर हात नुकत्याच लिहिलेल्या अक्षरांवरून सरकतो, म्हणजे अक्षर फासतं आणि दिसतही नाही. मनगटाचा आकडा ही त्यातून मुलाने काढलेली वाट. स्वराने तो अंगणवाडीतल्या पाटीवरच शिकला असणार, कारण पाटीवर तर डावा हात लिहिलेलं सगळं पुसूनच टाकतो. आणि शिरोरेषा ती ओढत होती, कारण ओढलं की सोपं जातं हे तिला कुणी न सांगता कळलं होतं. ती रेघ मी तशीच राहू दिली. अक्षरं डावीकडून उजवीकडेच लिहायची, अक्षराचं अंग नेहमीच्या वळणाने काढायचं, पण शेवटची शिरोरेषा तिने तिच्या बाजूने ओढली तर काही बिघडत नाही. तशी चिठ्ठी मी तिच्या बाईंना दिली आणि त्यांनी ती मानली.

खडूची गोष्ट कळल्यावर पिशवीचा निकाल लावणं सोपं गेलं. एक्स्ट्रा डार्क पेन्सिल मऊ असते. ती छान सरकते, पण तळहाताची करंगळीकडची कड काळी करून टाकते. एच खुणेची कडक पेन्सिल ढकलताना कागद फाडते. म्हणून मधली, साधी एचबी घ्यायची. मूल फारच दाबून लिहीत असेल तर बी. दुकानातच वहीच्या पानावर डाव्या हाताने एक आडवी रेघ ढकलून बघावी आणि कोरडी करंगळी तिच्यावरून फिरवावी. टोक अडखळलं किंवा रेघ पसरली तर ती जोडी नको, कारण कागद खरखरीत असेल तर चांगली पेन्सिलही अडखळते. पेन्सिल तिकोनी असली तर उत्तम. तिला डावं-उजवं नसतं.

त्या रबरी ग्रिपचे खळगे मात्र उजव्या हाताचे निघाले. स्वराचा अंगठा बोटाच्या खळग्यात बसत होता. काही ग्रिपवर डाव्या-उजव्या अंगठ्याची खूण असते. ती नसेल तर ग्रिप घेऊच नये. त्याऐवजी मी वडिलांना पेन्सिलीच्या टोकापासून तीन सेंटिमीटरवर, म्हणजे मोठ्या माणसाच्या साधारण दोन बोटांवर, जाड दोरा गुंडाळायला सांगितलं. बोटं दोऱ्याच्या वर धरायची. डावखुऱ्या मुलाने पेन्सिल थोडी वरच धरावी, नाहीतर टोक बोटांमागे लपतं. याच कारणाने अंगठ्याएवढे उरलेले तुकडे अशा मुलाला देऊ नयेत. काटकसर करणाऱ्या घरात हे पटवायला मला नेहमी वेळ लागतो. शार्पनरबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही. साधा शार्पनर चालतो. डाव्या हातात पेन्सिल स्थिर धरून उजव्या हाताने शार्पनर फिरवायला शिकवलं की झालं.

स्प्रिंगची वही परत पाठवली. उजव्या पानावर लिहिताना ती स्प्रिंग डाव्या मनगटाखाली येते. मधे पिना मारलेली, सपाट उघडणारी दुरेघी वही बरी. पण वही कोणती यापेक्षा ती ठेवायची कशी हे महत्त्वाचं. ती पोटासमोर नको, शरीराच्या मध्यापासून थोडी डावीकडे हवी, आणि तिरपी. वरचा डावा कोपरा वर, वरचा उजवा कोपरा खाली, इतकी, की वहीची कड आणि डावा हात कोपरापासून एका रेषेत दिसावेत. मग हात आपोआप ओळीच्या खाली राहतो आणि लिहिलेलं दिसतं. उजवा हात कागद धरायला. स्वरा घरी बापाच्या कटिंगच्या टेबलावर लिहायची, ते तिच्या छातीएवढं उंच होतं. त्या उंचीवर मनगट सरळ राहणंच शक्य नव्हतं. तिला आजीच्या चौरंगापुढे बसवलं. वडिलांनी चौरंगावर त्यांच्याच खडूने तिरपी रेघ मारून दिली, वही तिला लावून ठेवायची.

दहा दिवसांनी ते परत आले. मनगट पुष्कळ सरळ झालं होतं, पण गिरवायच्या पुस्तकात रडगाणं तेच. आईने पान उघडलं. पहिला 'अ' ठीक, दुसरा डगमगता, पाचवा ओळखू न येणारा. "हिचं लक्षच नसतं," ती म्हणाली.

मी स्वराला लिहायला लावलं आणि तिचा हात बघत बसले. प्रत्येक अक्षरानंतर ती हात उचलून काहीतरी बघत होती. मला जे दिसलं त्याचा, खरं सांगते, मला थोडा अभिमान वाटतो, कारण ते मी कुठे वाचलेलं नव्हतं. नमुन्याचं अक्षर ओळीच्या डाव्या टोकाला छापलेलं होतं, आणि तिथेच तिचा हात! ज्याच्याकडे बघून लिहायचं तेच अक्षर तिने झाकलेलं. ती आठवणीने लिहीत होती, आठवण पुसट झाली की हात उचलत होती. लक्ष नसलेलं मूल एवढ्यांदा हात उचलून बघेल का?

आईने तिथेच प्रत्येक ओळीच्या उजव्या टोकाला एकेक 'अ' लिहिला. पुढची ओळ स्वराने हात न उचलता पूर्ण केली. अक्षरं काही मोत्यासारखी आली नाहीत, पण पाचवा 'अ' पहिल्यासारखाच होता. आई बराच वेळ त्या ओळीवरून बोट फिरवत राहिली. तेव्हापासून पुस्तक विकत घेणाऱ्यांना मी एकच सांगते: नमुना वरच्या ओळीत असलेलं घ्या, नाहीतर उजवीकडे स्वतः लिहा.

थकल्यावर स्वराचं मनगट अजून वाकतं. चार-पाच ओळींनंतर थांबवलं की पुरतं. सहाव्या वर्षी हे सुटतं. वर्षानुवर्षं तसंच लिहून अक्षर चांगलं असलेल्या मोठ्या मुलाचा हात मात्र मी सरळ करायला जात नाही.

शेवटच्या भेटीत मी कात्रीचा विषय काढला. पिशवीत डावखुऱ्यांची म्हणून जे घ्यायला हवं होतं ते एकच, आणि तेच नव्हतं. कार्यानुभवाच्या तासाला स्वराच्या कात्रीत कागद दुमडायचा. दोन्ही हातांची म्हणून विकतात त्या बहुतेक कात्र्यांच्या फक्त कड्या सारख्या असतात, पाती उजव्याच हाताची. वडिलांना सांगायची गरज नव्हती. उजव्या मुठीचा दाब पात्यांना एकमेकींवर घट्ट बसवतो, डाव्या मुठीचा दाब त्यांना फाकवतो. खऱ्या डाव्या कात्रीत, टोक समोर करून धरली की वरचं पातं डावीकडे असतं. कात्री उलटी धरून हे बदलत नाही. बोथट टोकाची, मुलांच्या हाताची घ्यायची, आणि गोल कापताना घड्याळाच्या काट्याच्या दिशेने जाऊ द्यायचं. मूल आपणहून उजव्या हाताने नीट कापत असेल, आणि अशी डावखुरी मुलं असतात, तर तेवढाही खर्च नको.

वडील माझ्या टेबलावरची डावी कात्री उघडझाप करत बसले होते.

"मॅडम, कापडाची मोठी कात्री अशी येते?"

"येते. पण एवढ्या लवकर स्वराला कशाला?"

"तिला नाही. आमच्याकडे एक कारागीर आहे, डावखुरा. बारा वर्षं झाली. कापड चावतो म्हणून मी त्याला कटिंगला कधी बसूच दिलं नाही."