फळ्यावरचा तिसरा रकाना

सिडको, नाशिक

चि. खजिनदारास,
अनेक आशीर्वाद.

परवाच्या बैठकीत आपल्या गणपती मंडळाची खजिनदारकी तुझ्या गळ्यात पडली आणि तू घाबरून माझ्याकडे पाहिलंस. मी तेव्हा मुद्दाम काही बोललो नाही. पंधरा जणांसमोर हिशोब शिकवला की पुढे दहा दिवस ते पंधरा जण तुला हिशोब शिकवतात. म्हणून हे पत्र.

बैठकीतला पहिला प्रश्न आठव. "यंदा घरटी किती घ्यायचे?" दरवर्षी सुरुवात तिथूनच होते आणि पुढचा गोंधळही तिथूनच होतो. आधी मोठा खर्च ठरतो, मग त्याला घरांनी भागून घरटी आकडा निघतो, आणि मग तो आकडा न देणाऱ्यांची नावं चौकात घेतली जातात. तू उलटं कर. गेल्या वर्षीची पावतीपुस्तकं काढ आणि प्रत्यक्षात किती जमलं ते बघ. 'देतो' म्हणून सांगितलेले पैसे त्यात धरू नकोस.

मी तुला तीन वर्षांपूर्वीचे आकडे सांगतो, तेव्हा वही माझ्याकडे होती. त्याच्या आदल्या वर्षी घरं आणि दुकानं मिळून १,०३,३०० रुपये जमले होते. मी त्यातला साधारण दहावा भाग सोडला आणि ९३,००० येतील असं धरलं. दरवर्षी दोन-तीन कुटुंबं बदलून जातात, एखाद्या घरी सुतक असतं, एखादं दुकान बंद पडलेलं असतं. शिल्लक ७,००० होती. म्हणजे अंदाजपत्रक झालं बरोबर एक लाखाचं. मांडव २८,०००, महाप्रसाद १८,०००, रोषणाई आणि ध्वनी मिळून १६,०००, रोजची पूजा, फुलं आणि गुरुजींची दक्षिणा ११,०००, शाडूची तीन फुटी मूर्ती ९,०००, मिरवणूक ७,०००, मुलांची बक्षिसं ६,०००. उरलेले ५,००० राखीव. हे राखीव पैसे 'इतर' नव्हेत, हे ध्यानात ठेव. त्यातला रुपया खर्च झाला तर तो ज्या बाबीवर गेला तिच्याच नावापुढे लिहायचा.

'इतर'चं सांगतो. खजिनदारकीच्या माझ्या पहिल्या वर्षी मी हिशोबात 'इतर खर्च ११,४००' अशी एक ओळ लिहिली होती. एक पैसा इकडचा तिकडे झाला नव्हता. कार्यकर्त्यांचा चहा-नाश्ता, रिक्षाभाडं, दोऱ्या, खिळे, पावसात मांडवावर टाकायला आणलेली ताडपत्री, सगळं खरं होतं. पण आरतीला आलेल्या एक आजी मांडवातल्या हिशोबाच्या फळ्यापाशी थांबल्या आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "इतर म्हणजे काय रे? चहा, की दुसरं काही?" माझ्याकडे उत्तर होतं, चिठ्ठ्या नव्हत्या. पुढच्या वर्षी त्या घराने वर्गणी दिली नाही आणि मला त्यांचा राग आला नाही. तेव्हापासून नियम केला: पाचशेच्या वर गेलेल्या कुठल्याही खर्चाला स्वतःचं नाव मिळालं पाहिजे. दुकानदाराने बिल दिलं नाही, तर साध्या कागदावर काय घेतलं, किती रुपये, कोणी नेले ते लिहून नेणाऱ्याची सही घ्यायची आणि कागदाला क्रमांक द्यायचा. या कागदाला आपण व्हाउचर म्हणतो. रिक्षावाला बिल देत नाही, पण रिक्षाने गेलेला कार्यकर्ता सही देतो.

आता फळ्याकडे येतो, कारण खरं काम तिथं आहे. बहुतेक मंडळांच्या फळ्यावर दोनच रकाने असतात, जमा आणि खर्च. आपण प्रत्येक बाबीपुढे तीन लिहायचे: ठरवलेले, दिलेले आणि द्यायचे. तिसऱ्या रकान्याचा उपयोग मला तीन वर्षांपूर्वीच्या त्या एक लाखाच्या वर्षी पाचव्या दिवशी कळला.

त्या संध्याकाळपर्यंत ८१,५०० रुपये जमले होते. शिल्लक धरून ८८,५००. दिलेले होते ३७,३००: मूर्तीचे पूर्ण पैसे, मांडवाचे आणि रोषणाईचे अर्धे-अर्धे, पूजेचे ४,३०० आणि आचाऱ्याची २,००० उचल. हातात ५१,२००. हा आकडा ऐकताच पोरांचे डोळे चमकले. "काका, एवढे पडून आहेत, मग २१ हजारांचं ढोल पथक आणू ना." नाशिकच्या पोराला ढोल म्हटलं की काही सुचत नाही, माझाही पाय हलतोच. पण मी त्यांना तिसरा रकाना वाचायला लावला. मांडवाचे १४,००० राहिलेले, रोषणाईचे ८,०००, पूजेचे ६,७००, महाप्रसादाचे १६,०००, बक्षिसांचे ६,०००, मिरवणुकीचे ७,०००. बेरीज ५७,७००. म्हणजे हातात ५१,२०० असूनही आम्ही साडेसहा हजारांनी मागे होतो. अजून ११,५०० यायचे होते. ते सगळेच्या सगळे आले तरच राखीव पाच हजार जागेवर राहणार होते. पथक आलं नाही. पोरं दोन दिवस रुसली, मग आपल्याच गल्लीतले चार ढोल आणि झांजा जमवून वाजवत निघाली.

मांडववाल्याशी बोलताना मात्र जपून. नुसतं 'अठ्ठावीस हजारांत करून देतो' हे दरपत्रक नव्हे. लांबी-रुंदी किती, छत पाणी अडवणारं आहे का, कोणत्या दिवशी उभा राहणार आणि कोणत्या दिवशी उतरणार, एक दिवस जास्त लागला तर किती, हे सगळं त्याच्याकडून लिहून घे. भाद्रपदातला पाऊस तुला ठाऊक आहे. ताडपत्री भाड्यात धरलेली नसेल तर ऐन पावसात ती दुप्पट पैशांनी आणावी लागते. मी आणली आहे.

महाप्रसाद ही बाब आतून फोडून लाव, कारण लोकांना सगळ्यात जास्त शंका तिथंच येते. अडीचशे पानांचा आमचा हिशोब असा होता: किराणा ९,४००, आचारी ३,५००, गॅस १,८००, भाजी-बटाटे १,६००, पत्रावळी-द्रोण १,०००, भांड्यांचं भाडं ७००. मसालेभाताला माणशी ८० ग्रॅम तांदूळ धरले की २० किलो होतात. शिऱ्याला १० किलो रवा, तेवढीच साखर, ५ किलो तूप. ही मापं फळ्यावर लिहायची गरज नाही, पण तुझ्या वहीत असू देत. किराण्याची यादी २५ किलो तांदळाची आली, तर पाच किलो कुठं गेले हे विचारता आलं पाहिजे.

याच बाबीत एक चूक हमखास होते. त्या वर्षी एका कुटुंबाने शिऱ्याचा रवा, साखर आणि तूप आपल्याकडून दिलं. बाजारभावाने साधारण चार हजारांचा माल. पोरं म्हणाली, पैसे हातात आलेच नाहीत, मग लिहायचं कशाला? लिहायचं. जमेकडे 'वस्तुरूप ४,०००' आणि महाप्रसादाच्या खर्चातही ४,०००. रोख हलत नाही, दोन्ही बाजू सारख्याच वाढतात. हे लिहिलं नाही तर पुढच्या वर्षीचा खजिनदार वही उघडून म्हणणार, महाप्रसाद चौदा हजारांत झाला होता, आणि तेवढेच धरणार. त्याला शिरा चार हजारांना फसवेल. आणि त्या कुटुंबाचं नाव पावतीपुस्तकात राहतं, हेही आहेच.

पावतीपुस्तकांचं थोडक्यात. कोणतं पुस्तक कोणाकडे, कुठल्या क्रमांकापासून कुठपर्यंत, हे पहिल्या दिवशी लिहून सही घे. चुकलेली पावती फाडून फेकायची नाही, रद्द असा शेरा मारून दोन्ही भाग पुस्तकातच ठेवायचे. पुस्तकं परत येतील तेव्हा मधला एक क्रमांक जरी गायब असला, तरी त्या दिवशीचा चहा पिण्याआधी तो शोध. फोनवरून आलेल्या पैशांनाही पावती फाडायचीच, आणि तिच्यावर व्यवहार क्रमांकाचे शेवटचे चार आकडे टाकायचे. हे पैसे तुझ्या पगाराच्या खात्यात घेऊ नकोस. दहा दिवस तुझा घरचा किराणा आणि गणपतीचा किराणा एकाच पासबुकात दिसला की तूच गोंधळशील. मंडळाच्या नावाचं, दोघांच्या सहीचं खातं आहे, त्याचाच क्यूआर मांडवात लाव. रोज रात्री आरतीनंतर त्या दिवशीच्या पावत्यांची बेरीज, पेटीतली रोख आणि खात्यात आलेले पैसे जुळव. जुळत नसेल तर त्याच रात्री जुळव. दुसऱ्या दिवशी कोणालाच काही आठवत नाही.

फुलांचं एक. पूजेचे अकरा हजार दहा दिवसांना सारखे वाटू नकोस. गणेशवाडीच्या फुलबाजारात पहिल्या आणि शेवटच्या दिवशी झेंडू हाताला चटका देतो, मधले दिवस स्वस्त जातात. मी पहिल्या दिवसाला दीड हजार आणि शेवटच्याला दोन हजार धरायचो. शेवटच्या दिवशीचा हार आदल्या रात्रीच सांगून ठेवायचा.

आणि परवानगी. आपलं मंडळ नोंदणीकृत नाही, त्यामुळे वर्गणी मागायला निघण्याआधी धर्मादाय कार्यालयाची तात्पुरती परवानगी लागते. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम ४१ क आहे, त्याखाली. उत्सव झाल्यावर हिशोब तिथंही द्यावा लागतो, म्हणजे फळ्यावरचा आणि तिथला हिशोब एकच असला पाहिजे. अर्जाचं काम अध्यक्षांचं आहे, पण परवानगीची प्रत हातात आल्याशिवाय पावतीपुस्तकं कोणाला देऊ नकोस. अध्यक्ष म्हणतील, 'येईलच'. तरी नको.

विसर्जनानंतर फळा उतरवायची घाई करू नकोस. मांडववाल्याचे आणि रोषणाईवाल्याचे शेवटचे पैसे त्यानंतरच जातात, म्हणजे तिसरा रकाना शून्य व्हायला अजून चार-सहा दिवस लागतात. मांडव उतरल्यावर फळा माझ्या ओट्यावर आणून ठेव, तिथं येणारे-जाणारे वाचतातच. त्या वर्षी शेवटी ६,१५० उरले आणि मी ते तिथंच, फळ्याच्या तळाशी, खडूने लिहिले. दुसऱ्या दिवशी कोणीतरी पेनाने शेजारी 'आणि एक ताडपत्री' असं लिहून गेलं. बरोबर होतं, ती लिहायची राहिलीच होती.

ती ताडपत्री अजून माझ्या गच्चीवर आहे. रविवारी जुन्या वह्या न्यायला येशील तेव्हा तीही घेऊन जा, आणि यंदाच्या दरपत्रकातून तेवढे पैसे कमी करून घे.

तुझा,
माजी खजिनदार