हस्तांतरण नव्हे, पक्षबदल

‘आमच्या मेहुण्यांनी अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना विकायला काढलाय. वकिलांनी नोव्हेशन ॲग्रीमेंट करा म्हणून सांगितलं. मराठी मसुद्यात मी त्याला हस्तांतरण करार म्हटलं तर चालेल का? की नवीकरण म्हणू?’

दोन्ही नकोत. ‘पक्षबदल करार’ म्हणा आणि तो त्रिपक्षीय असल्याचं मथळ्यातच लिहा.

‘नवीकरण’ का नको ते लगेच कळेल. आपण भाडेकराराचं नवीकरण करतो तेव्हा माणसं तीच राहतात, मुदत वाढते. इथे कारखान्याच्या चालू कराराची मुदत तीच राहते आणि करारातला माणूस बदलतो. खरं तर नोव्हेशन हा शब्द लॅटिन ‘नोवुस’वरून, म्हणजे आपल्या ‘नव’च्याच कुळातून आलाय. पण नातं असलं तरी मराठीत ‘नवीकरण’चा अर्थ दुसरीकडे रुळून गेलाय.

‘हस्तांतरण’ जास्त धोक्याचं. हा शब्द वस्तूचा आहे. माग, शिल्लक सूत मेहुण्यांच्या हातून घेणाऱ्याच्या हाती जाईल, त्याला तिसऱ्याला विचारायचं कारण नाही. करारातून येणं असलेले पैसेही सहसा असे दुसऱ्याच्या नावे करता येतात. जबाबदारी मात्र अशी देता येत नाही. समजा, मेहुण्यांनी पुण्याच्या एका हॉटेल कंपनीला २४ महिने, दरमहा ४,००० टॉवेल ठरल्या दराने द्यायचा करार केलाय आणि १५ महिने झालेत. उरलेले ९ महिने टॉवेल देण्याचं वचन मेहुण्यांचं आहे. ते दुसऱ्याने पाळलं तरी चालेल का, हे हॉटेलवाल्यांनीच ठरवायचं. खरदा कंपनी विरुद्ध रेमन या ज्यूटच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली हेच सांगितलं : कराराचा बोजा समोरच्याच्या संमतीशिवाय दुसऱ्यावर टाकता येत नाही, आणि संमतीने टाकला तर ते नोव्हेशनच होतं. म्हणून मेहुणे आणि घेणारा, दोघांच्याच सह्यांचा ‘हस्तांतरण करार’ हॉटेलवाल्यांना बांधत नाही. नव्या मालकाने माल दिला नाही, तर नोटीस मेहुण्यांच्याच दारी येईल.

संविदा कायद्याच्या कलम ६२ खालचं उदाहरण वाचा. ‘अ’ हा ‘ब’चं देणं लागतो. तिघे मिळून ठरवतात की यापुढे ‘क’ हा देणेकरी. त्याच क्षणी ‘अ’चं जुनं देणं संपतं आणि ‘क’चं नवं जन्माला येतं. नवं येणं आणि जुनं संपणं ही दोन्ही कामं एका कागदावर व्हायला हवीत.

दुसरं काम हमखास सुटतं. हॉटेलकडून ‘आमची हरकत नाही’ असं पत्र आलं की लोक निश्चिंत होतात. हरकत नसणं म्हणजे मोकळं करणं नव्हे. घेणाऱ्याने माल पुरवायला हरकत नाही, पण बुडाल्यास तुम्हीच जबाबदार, असाही त्याचा अर्थ काढता येतो. या मोकळीकीला आपल्याकडे फार नेमका शब्द होता : फारखत. ‘फारिग’ म्हणजे मोकळा, ‘खत’ म्हणजे लेख. आता त्याची ‘फारकत’ होऊन तो शब्द नवराबायकोपुरता उरलाय, याची मला मनापासून हळहळ वाटते. मसुद्यात ‘मुक्त करणे’ वापरा, आणि कर्ता स्पष्ट ठेवा. ‘जुना मालक मुक्त होईल’ यापेक्षा ‘हॉटेल कंपनी जुन्या मालकास मुक्त करीत आहे’ हे वाक्य पक्कं.

आता मुक्त कशातून, तेही लिहा. बदल १ जुलैपासून धरला आणि जूनमध्ये दिलेल्या टॉवेलांचा रंग ऑगस्टमध्ये उतरला, तर भरपाई कोणाची? कागद गप्प असेल तर तिघांत भांडण. मी असं लिहीन :

‘दि. १ जुलैपासून पुरवठा करारात जुन्या मालकाच्या जागी नवा मालक पक्ष राहील. हॉटेल कंपनीस हे मान्य असून, त्या तारखेपासूनच्या सर्व जबाबदाऱ्यांतून ती जुन्या मालकास मुक्त करीत आहे. ३० जूनपर्यंत दिलेल्या मालाबाबतची जबाबदारी जुन्या मालकाचीच राहील.’

हॉटेलने दिलेल्या आगाऊ रकमेपैकी काही वळती व्हायची राहिली असेल, तर तो आकडाही इथेच लिहा. ती रक्कम यापुढे नवा मालक बिलातून वळती करणार, म्हणून कारखान्याच्या किमतीतून तेवढी कापून घ्यायला तो विसरणार नाही.

एक विचारून घ्या. कारखाना मेहुण्यांच्या स्वतःच्या नावावर आहे की प्रायव्हेट लिमिटेडच्या? कंपनी असेल आणि फक्त शेअर विकले जात असतील, तर करारातला पक्ष बदलतच नाही. मग मूळ करारात मालकी बदलल्यास परवानगी घेण्याची अट आहे का, एवढंच पाहायचं.

आणि सौद्याच्या दिवसापर्यंत हॉटेलची सही आली नाही, तर करार मेहुण्यांच्या नावावरच ठेवून माल नव्या मालकाने त्यांच्या वतीने द्यायचा आणि नुकसान झाल्यास भरून देण्याची लेखी हमी मेहुण्यांना द्यायची. या कागदाला मात्र ‘पक्षबदल’ म्हणू नका. ती हमी दोघांतली आहे, हॉटेलच्या लेखी पुरवठादार अजून मेहुणेच आहेत.