बल्क कापायच्या आधी सँपलवर मंजुरी कशी घ्यावी?

"युनिफॉर्मचं सँपल पाठवलं की पार्टी 'छान आहे, करा' एवढंच लिहिते आणि माल पोचल्यावर तक्रारी सुरू होतात. मंजुरी मागताना काय लिहू, काय तपासायला सांगू?"

आधी सँपल बल्कच्याच कापडाचं आहे याची खात्री करा. बाजारातून मीटरभर कापड आणून चांगल्या कारागिराकडून शिवून घेतलेला पीस फक्त डिझाइन दाखवतो. मंजुरीचा पीस डाय होऊन आलेल्या लॉटमधूनच कापायचा, तीच कॉलर आणि तीच बटणं लावायची.

सोलापुरात माझं छोटं शिलाई युनिट आहे. एकदा नेव्ही ब्लू पोलो टी-शर्टचे ४०० पीस मी नुसत्या फोटोवरच्या होकारावर कापले. एम साइझची उंची २८ इंच होती. कामगारांनी दोनदा धुतल्यावर ती साडेसव्वीसवर आली. कापड पाच टक्के आटणारं होतं आणि आम्ही सँपल धुऊन पाहिलंच नव्हतं. शिवाय पोलोची कॉलर वेगळी विणली जाते, बऱ्याचदा वेगळी रंगवली जाते. ट्यूबलाइटखाली एकसारखी दिसणारी कॉलर उन्हात जांभळट दिसली. दोन्ही गोष्टी फोटोत कळणं शक्यच नव्हतं. तेव्हापासून मी दोन पीस पाठवतो आणि सोबत असं लिहितो:

"नमस्कार. बल्कच्या कापडाचे एम साइझचे २ पीस पाठवले आहेत. एक कोरा ठेवा. दुसऱ्याची छाती आणि उंची मोजून तो तीन वेळा धुवा, वाळवा आणि पुन्हा मोजा. मापात अर्ध्या इंचापर्यंत फरक चालेल असं आपलं ठरलं आहे. कॉलर आणि अंगाचा रंग दिवसाच्या उजेडात जुळतो का ते पाहा. लोगोची जागा, आकार, अक्षरं तपासा, धुतल्यावर भरतकामाभोवती कापड चुणतंय का तेही पाहा. एम साइझच्या माणसाला घालून हात वर करायला सांगा. प्रत्येक बाबीपुढे 'ठीक' किंवा 'बदल' लिहून गुरुवारपर्यंत कळवा. तुमचा लेखी होकार आल्याशिवाय कटिंग सुरू होणार नाही. डिलिव्हरीचे दिवस त्या तारखेपासून मोजू. कटिंगनंतरच्या बदलाचा खर्च वेगळा लागेल."

शेवटची तीन वाक्यं लिहायला संकोच वाटतो, पण ती गाळू नका. 'घालून पाहा' हेही मुद्दाम लिहा, कारण टेबलावर पसरलेल्या शर्टात काखेतला ताण दिसत नाही.

"बाकी ठीक, लोगो अर्धा इंच वर घ्या" असं उत्तर आलं तर ती मंजुरी धरू नका. लोगोची जागा बदलून नवा पीस करा. तुम्ही ठेवता आणि त्यांच्याकडे राहतो, अशा दोन्ही पीसवर त्यांची सही आणि तारीख असलेला टॅग शिवा. तुमचा पीस प्लास्टिकच्या पिशवीत, उजेडापासून दूर ठेवा. पहिला गठ्ठा शिवून आला की सुपरवायझरने तो याच पीसशेजारी ठेवून पाहायचा.