युटिलायझेशन: छेदात काय आहे ते आधी सांगा

क्लायंटकडे जाण्या-येण्याचा वेळ बिलेबल, म्हणजे क्लायंटला बिल लावण्याजोगा, धरायचा का?

करारात लिहिलं असेल तर धरा, नसेल तर नाही. करार हाती नसेल तर ज्याने तो केला त्याला विचारा, शेजारच्या टीमला नको.

टाइमशीटची बेरीज 37 तास 30 मिनिटं यायला हवी, एक्सेल 13:30 दाखवतं. फाइल बिघडली का?

नाही. साध्या वेळेच्या फॉरमॅटमध्ये एक्सेल 24 तास झाले की पुन्हा शून्यापासून मोजतं. सेलला `[h]:mm` फॉरमॅट द्या. दराने गुणायचं असेल तर आधी `=E2*24` करून, त्या सेलला Number फॉरमॅट देऊन दशांशात आणा. आणि साडेसात तास 7.30 असे लिहिणाऱ्यांना आवरा. ते 7.5 असतात. प्रत्येक नोंदीमागे 12 मिनिटं गायब होतात आणि बेरीज चुकल्याचं कुणाच्या लक्षातही येत नाही.

आमच्या नव्या टाइमशीट सॉफ्टवेअरमध्ये टीमचं युटिलायझेशन 75 टक्के दिसतं, अकाउंट्सवाले 65 म्हणतात. खरं कोणाचं?

अकाउंट्सवाल्यांचं. हाच प्रश्न वेगवेगळ्या आकड्यांनी इतक्या वेळा येतो की आज सविस्तरच लिहितो.

युटिलायझेशन म्हणजे उपलब्ध तासांपैकी किती टक्के तास बिलेबल झाले. चार जणांची टीम घ्या. महिन्यात कामाचे 21 दिवस, रोज 8 तास, म्हणजे प्रत्येकी 168 आणि मिळून 672 तास. एकाने चार दिवस रजा घेतली, 32 तास गेले, उरले 640. टाइमशीटमध्ये भरलेले तास 560, त्यांतले बिलेबल 420. सॉफ्टवेअरने 420 ला 560 ने भागलं, आले 75 टक्के. अकाउंट्सने 640 ने भागलं, आले 65.6. अंश दोघांचा एकच आहे, फरक फक्त छेदाचा.

आता मधले 80 तास बघा. चौघांपैकी एकाने शेवटच्या दोन आठवड्यांची टाइमशीट भरलीच नव्हती: 10 दिवस, 80 तास. ते बेंचवर, म्हणजे हाती प्रोजेक्ट नसताना गेले, प्रशिक्षणात गेले की क्लायंटच्या कामात, हे कागदावर कुठेच नाही. भरलेल्या तासांनी भागणारं सॉफ्टवेअर या रिकाम्या जागेलाच बक्षीस देतं. बेंचवरच्या माणसाने काहीच भरलं नाही तर टीमचा टक्का वाढतो! विक्रीच्या डेमोत हाच फुगलेला आकडा मोठ्या अक्षरांत दाखवतात, कारण तो बघणाऱ्याला आवडतो. डेमो देणाऱ्याला एवढंच विचारा: रिकामी टाइमशीट छेदात धरता की सोडता? उत्तर द्यायला तो घुटमळला तर समजून घ्या.

छेद टाइमशीटमधून घेऊच नका. तो रजेच्या नोंदीतून आणि सुट्ट्यांच्या यादीतून, महिना सुरू होतानाच वेगळ्या शीटवर मांडा आणि रजा मंजूर होईल तसा कमी करा. काही कंपन्या रजा वजा करत नाहीत. मग याच टीमचे 420 भागिले 672, म्हणजे 62.5 टक्के होतात. दोन्ही पद्धती चालतात, पण एक ठरवून वर्षभर तीच ठेवा आणि गोषवाऱ्याच्या माथ्यावर लिहून टाका. कोणती ठेवायची ते अकाउंट्स आणि एचआर या दोघांना समोरासमोर बसवून ठरवा, कारण रजेचे आकडे एकाकडे असतात आणि बिलाचे दुसऱ्याकडे.

उशीर हा यातला खरा रोग. महिनाअखेरीला आठवून भरलेल्या टाइमशीटमध्ये रोज नेमके 8 तास आणि एकच प्रोजेक्ट दिसतो. तीन आठवडे एकसारखी ओळ दिसली की ती आठवणीतून भरली आहे असंच धरा. दर सोमवारी दुपारी मागचा आठवडा बंद करा, आणि न भरलेले तास गोषवाऱ्यात ‘नोंद नाही’ या वेगळ्या ओळीवर नावासकट दिसू द्या. ते नॉन-बिलेबलमध्ये ढकलू नका, तेही खोटंच.

प्रत्येक प्रोजेक्टचं युटिलायझेशन काढून त्यांची सरासरी घेतली, तर टीमचा आकडा मिळेल ना?

मिळणार नाही. मुळात युटिलायझेशन माणसाचं किंवा टीमचं असतं, कारण उपलब्ध तास माणसाकडे असतात, प्रोजेक्टकडे नसतात. प्रोजेक्टपुढे दोन वेगळे आकडे लिहा. वरच्याच टीमचे 560 तास असे वाटले होते: बँकेच्या प्रोजेक्टवर 300, त्यातले बिलेबल 270. विम्याच्या प्रोजेक्टवर 160, बिलेबल 120. एका लहान कामावर 40, बिलेबल 30. उरलेले 60 तास अंतर्गत, बिलेबल शून्य.

पहिला आकडा प्रोजेक्टच्या आतला: बँक 90 टक्के, विमा 75, लहान काम 75. यावरून फुकट जाणारे तास कुठे आहेत ते कळतं. विम्याच्या 160 पैकी 40 तास बिलात आले नाहीत, तर ते दुरुस्तीचे होते की बैठकांचे, हे प्रोजेक्ट मॅनेजरला विचारा. दुसरा आकडा टीमच्या 640 तासांतला वाटा: बँक 42.2 टक्के, विमा 18.8, लहान काम 4.7. या तिघांची बेरीज 65.6 च्या आसपास येते, एखाद्या दशांशाचा फरक पूर्णांकनाचा. पहिल्या तीन टक्क्यांची सरासरी मात्र 80 येते, आणि तिला काही अर्थ नाही. 40 तासांच्या कामाला 300 तासांच्या कामाएवढं वजन देऊन बसलात तुम्ही.

पिव्होट टेबलमध्येही हीच चूक होते: मूळ नोंदींत टक्क्यांचा कॉलम करून त्याची सरासरी काढतात. टक्के शेवटी काढा, बेरजेला बेरजेने भागून. प्रोजेक्टचे नाव A2 मध्ये, आणि Data शीटवर C मध्ये प्रोजेक्ट, D मध्ये प्रकार, बिलेबलसाठी B, आणि E मध्ये दशांश तास असतील तर बिलेबल तास असे:

```
=SUMIFS(Data!E:E,Data!C:C,A2,Data!D:D,"B")
```

नावाच्या शेवटी एक फालतू स्पेस आली तरी ती ओळ निमूटपणे सुटते. म्हणून नाव टाइप करू देऊ नका, ड्रॉपडाउनमधून प्रोजेक्ट कोड निवडायला लावा. आणि गोषवाऱ्याची एकूण बेरीज Data च्या E कॉलमच्या बेरजेशी जुळते का, हे तपासणारी एक ओळ तळाशी कायम ठेवा.

ठरलेल्या रकमेचं काम अंदाजापेक्षा लांबलं. जादा तास नॉन-बिलेबल करू का?

करू नका. समजा 3,00,000 रुपयांचं काम, ताशी 1,500 धरून 200 तासांचा अंदाज, लागले 260. साठ तास नॉन-बिलेबल केलेत तर अंदाज चुकवणारा सुटतो आणि राबणाऱ्याचं युटिलायझेशन पडतं. सगळे 260 बिलेबल ठेवा आणि शेजारी प्रत्यक्ष दर लिहा: 3,00,000 भागिले 260, साधारण 1,154 रुपये. तोटा तिथे उघडा दिसतो. उत्पन्न कोणत्या महिन्यात किती दाखवायचं, ते मात्र तुमच्या सीएला विचारूनच.

एकाचं युटिलायझेशन 112 टक्के आलं. चूक आहे का?

बहुधा नाही, तो जादा तास बसला असेल. आधी दुहेरी नोंद तपासा. नसेल तर आकडा 100 वर कापू नका, आणि जादा तासांच्या मोबदल्याचं एचआरशी बोला.

कोर्समध्ये सांगितलं की 80 टक्क्यांखाली कंपनी तोट्यात. खरं का?

ऐकीव. तुमचा पगार, भाडं आणि ताशी दर त्या कोर्सवाल्याला माहीत नाहीत. माणसाचा महिन्याचा सगळा खर्च 1,50,000 आणि ताशी दर 1,500 असेल तर 100 बिलेबल तासांना खर्च निघतो, म्हणजे 168 पैकी साठेक टक्के. दर 1,200 असेल तर 125 तास लागतात, जवळपास 74 टक्के. विक्री सांभाळणाऱ्या मॅनेजरला कनिष्ठ सल्लागाराचं लक्ष्य लावू नका. तुमचे आकडे घेऊन अकाउंट्सकडे अर्धा तास बसा.